फाटा आला की इक्विव्हलंट पाइप तिथेच थांबतो

सिरीज-पॅरलल पाइपांची गणितं सोपी असतात असं सिनियर सांगतात, आणि पुस्तकातल्या पहिल्या दोन उदाहरणांपुरतं ते खरंही आहे. तिसऱ्या उदाहरणात जंक्शनवरून एक फाटा बाहेर निघतो आणि तिथे निम्मा वर्ग आपटतो. मीही आपटलो होतो, म्हणून या एकाच गोष्टीवर जरा जास्तच लिहिणार आहे. डार्सी-वाइसबाख, कंटिन्युइटी, हेड लॉस म्हणजे काय हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

ट्यूटोरियलमध्ये येतं तसं एक गणित घेऊ. A टाकीतून ३०० मिमी व्यासाची ६०० मीटर लाइन B जंक्शनपर्यंत येते. B ते C दोन पाइप आहेत: एक २०० मिमीचा, ४०० मीटर, दुसरा २५० मिमीचा, ५०० मीटर. C पासून पुन्हा ३०० मिमीची ४५० मीटर लाइन D टाकीला जाते. दोन टाक्यांच्या पाण्याच्या पातळीत १२ मीटर फरक आहे. सगळीकडे f = 0.02, मायनर लॉसेस सोडून द्यायचे. आणि शेवटची ओळ, जी घाईत वाचली जात नाही: C वरून एक फाटा सेकंदाला २० लिटर पाणी बाहेर नेतो.

आधी फाटा बंद आहे असं समजा. सूत्र असं वापरा:

h = f L Q² / (12.1 D⁵)

इथे 12.1 म्हणजे π²g/8. हे एकदा स्वतः काढून बघा, पाठ करू नका. ठाण्यातल्या क्लासच्या नोट्समध्ये हा आकडा चौकटीत छापलेला असतो, पण तो कुठून आला हे नसतं. मग एखाद्या प्रश्नात सूत्र 4f च्या रूपात आलं की मुलं 0.005 हा f इथे घालतात. डिस्चार्जचं उत्तर थेट दुप्पट येतं आणि कॅल्क्युलेटर काही बोलत नाही.

आता सगळे पाइप ३०० मिमीच्या भाषेत आणायचे. तेवढ्याच डिस्चार्जला तेवढाच हेड लॉस देणारी ३०० मिमीची लांबी किती, एवढंच विचारायचं:

Le = L × (300/D)⁵

२०० मिमीच्या ४०० मीटरचे होतात ३०३८ मीटर. हा आकडा जरा नीट बघा. व्यास एक तृतीयांशाने कमी झाला आणि लांबी साडेसातपट झाली, कारण पाचवा घात. २५० मिमीच्या ५०० मीटरचे होतात १२४४ मीटर. हे दोघे पॅरलल आहेत, म्हणजे दोघांचा हेड लॉस एकच आणि डिस्चार्जची बेरीज:

1/√Le = 1/√3038 + 1/√1244

यातून Le येते ४६३ मीटर. दोन पाइप मिळून आलेली लांबी प्रत्येकाच्या ३०० मिमीतल्या लांबीपेक्षा कमीच यायला हवी, तशी ती आहे. इथे १२४४ पेक्षा मोठं काही आलं तर उलटं करायचं राहिलं, ८८३ च्या आसपास आलं तर वर्गमूळ विसरलात.

मग सिरीज: ६०० + ४६३ + ४५० = १५१३ मीटर. अख्ख्या जाळ्याऐवजी ३०० मिमीचा १५१३ मीटरचा एकच पाइप, हाच इक्विव्हलंट पाइप. १२ मीटर हेडला त्यातून सेकंदाला १०८ लिटर जातात. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं.

आता फाटा उघडा. बहुतेक वह्यांमध्ये पुढची ओळ अशी असते: १०८ वजा २० बरोबर ८८, म्हणून D ला ८८ लिटर. दिसायला निर्दोष, पण साफ चूक.

का चूक, ते पडताळून बघा. परीक्षेतही हे करायला एक मिनिट लागतं. h = KQ² असं लिहिलं तर ३०० मिमीच्या एका मीटरला K येतो 0.6802. A ते C लांबी १०६३ मीटर, तिथला डिस्चार्ज १०८, म्हणून हेड लॉस 723 × 0.108² म्हणजे ८.४३ मीटर. C ते D ४५० मीटर, डिस्चार्ज ८८, हेड लॉस २.३७. बेरीज १०.८ मीटर. दोन टाक्यांमध्ये तर १२ आहेत, मग उरलेले १.२ मीटर गेले कुठे? पाण्याला हेड वाया सोडायची सवय नाही. मधून पाणी काढल्यावर पुढच्या भागातला लॉस कमी होतो, त्यामुळे A कडून जास्त पाणी ओढलं जातं. १०८ हा आकडा फाटा बंद असतानाचा होता. फाटा उघडताच तो मेला.

बरोबर मांडणी अशी. A ते C मध्ये Q, C ते D मध्ये Q − 0.02:

723 Q² + 306 (Q − 0.02)² = 12

हे साधं वर्गसमीकरण आहे. सोडवलं की Q = 0.1136, म्हणजे A मधून सेकंदाला ११३.६ लिटर निघतात आणि D ला ९३.६ पोचतात. हेड लॉस ९.३२ अधिक २.६८, बेरीज १२. फाट्याने २० नेले, पण D चे १४.४च कमी झाले. उरलेला फरक A ने जास्त देऊन भरला.

या समीकरणातही इक्विव्हलंट पाइप आहेच, फक्त C पर्यंतचा: तिथला १०६३ मीटरचा पाइप पूर्णपणे वैध आहे. फाटा C वर आहे, म्हणून जोडणी C वर थांबली. तुम्ही म्हणाल, उत्तर मिळालं की उलटं जाऊन एकच लांबी काढू. काढा. १२ मीटर हेड आणि ११३.६ लिटरला ती येते साधारण १३६८ मीटर. आता हेड १२ ऐवजी ६ मीटर करा, फाटा तसाच २० लिटरचा. Q येतो ८१.८ लिटर आणि लांबी १३१९ मीटर. पाइप तेच आणि लांबी मात्र बदलली. जो पाइप हेड बदलल्यावर आपली लांबी बदलतो तो इक्विव्हलंट पाइप नाही, त्या एका क्षणाचं उत्तर आहे. फाटा बंद असताना मात्र हेड काहीही घ्या, १५१३च येणार. माझ्या मते हा एवढा फरक समजला तर धडा समजला. वर्गात कोणी हेड बदलून दाखवत नाही, याचा मला अजूनही राग येतो.

दुसरा गोंधळ चित्राचा. फाटा मुख्य लाइनच्या शेजारून निघताना काढलेला असतो, म्हणून तो पॅरललसारखा दिसतो आणि मुलं त्यालाही वर्गमुळाच्या बेरजेत घालतात. कोपरखैरण्याच्या अभ्यासिकेत एक सिनियर ताई होती, तिने माझ्या वहीतल्या चित्रावर बोट ठेवून एवढंच विचारलं, "अरे, हे पाणी परत त्याच लाइनला येतं का?" येत नव्हतं. ठाण्याहून कल्याणला स्लो आणि फास्ट लाइन जातात, दोन्हींची टोकं तीच, हे पॅरलल. ठाण्याहून वाशीकडे वळते ती ट्रान्स-हार्बर, तिचा कल्याणशी संबंध नाही; हा फाटा. दोन्ही टोकं समान असतील तरच हेड लॉस समान, आणि तरच ते सूत्र. म्हणून गणित सुरू करण्याआधी प्रत्येक पाइपच्या दोन टोकांची अक्षरं लिहा. 'B-C' दोनदा आलं की पॅरलल. 'C आणि कुठेतरी' आलं की थांबा.

घाबरण्यासारखं यात काही नाही, खरंच. वर्गसमीकरण सोडवता येतं त्याला हे येतं. मात्र शॉर्टकटने येत नाही, हे स्पष्ट सांगतो. 'आधी सगळं एका पाइपमध्ये कोंबा, मग फाटा वजा करा' ही ट्रिक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये मी पाहिली आहे. ती पीडीएफ डिलीट करा.

पॅरलल भागातला वाटा विचारला तर Q चे भाग 1/√Le च्या प्रमाणात पडतात. आपल्या गणितात २०० मिमीतून ४४.३ आणि २५० मिमीतून ६९.३ लिटर. दोघांचा लॉस वेगवेगळा काढून बघा, ४.०६ मीटरच्या आसपास दोन्ही यायला हवेत. या दोन पाइपांत वेगही सारखाच आहे, साधारण १.४ मीटर प्रति सेकंद, कारण दोघांचं L/D २००० आहे. पॅरलल पाइपांत f सारखा असेल तर L/D वरून वेगांची तुलना बसल्या जागी करता येते.

f सारखा असेल तर, हे वाक्य मात्र सगळ्या पानाच्या खाली लिहून ठेवा. एका लाइनमध्ये जुना गंजलेला पाइप आणि दुसरीत नवा असेल तर लांबीच्या सूत्रात f चं गुणोत्तरही घालावं लागतं. हेझन-विल्यम्सने सोडवत असाल तर घात ५ ऐवजी ४.८७ होतो आणि पॅरललच्या बेरजेत वर्गमूळ राहत नाही, १.८५वं मूळ येतं. दोन्हींची सूत्रं मिसळलेले पेपर मी तपासणाऱ्यांच्या टेबलावर पाहिलेत, ते बघवत नाहीत.

फाट्याला ठरावीक २० लिटर न देता तो दुसऱ्या टाकीला जोडलेला आहे असं दिलं असेल, तर फाट्याचा डिस्चार्ज माहीत नसतो. मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याहून नवी मुंबईत येताना जसं वेगवेगळ्या ठिकाणी वाटलं जातं, तसलंच हे रूप. तेव्हा आधी दिशा ठरवा. फाटा बंद धरून C वरचं हेड काढा: १२ मधून ८.४३ गेले, म्हणजे D च्या पातळीपेक्षा ३.५७ मीटर वर. फाट्याच्या टाकीची पातळी यापेक्षा खाली असेल तर पाणी C वरून तिकडे जाईल, वर असेल तर तिकडून C मध्ये येईल. मग C वरचं हेड अंदाजाने धरा, १०६३ मीटरचा, ४५० मीटरचा आणि फाट्याचा अशा तीन पाइपांचे डिस्चार्ज काढा, आत येणारं आणि बाहेर जाणारं जुळेपर्यंत तो अंदाज वर-खाली करा. जास्त आत येत असेल तर C चं हेड वाढवा, बाहेर जास्त जात असेल तर कमी करा.