BC547 ची डेटाशीट वाचताना या चुका टाळा

काल प्रॅक्टिकलला तुझा रिले ओढला नाही आणि तू मुकाट्याने तिसरा BC547 काढून लावलास. तू गेल्यावर ते तिन्ही मी तपासले. तिन्ही ठणठणीत आहेत. चूक ट्रान्झिस्टरमध्ये नव्हती, तुझ्या वहीत होती, त्या ओळीत जिथे तू hFE = 300 असं लिहून खाली दोन रेघा मारल्यास.

हे 300 तू कुठून आणलंस ते मला माहीत आहे. मल्टिमीटरच्या hFE च्या भोकात ट्रान्झिस्टर खोचलास, आकडा आला 300. डेटाशीटमध्ये BC547B समोर 200 ते 450 असं छापलंय, म्हणजे जुळलं. मग पुढचं गणितही बरोबर केलंस. 5 व्होल्टचा निळा रिले, कॉइल 70 ओहम, म्हणजे साधारण 71 मिलिअँप. भागिले 300, बेसला 0.24 मिलिअँप. अर्डुइनोच्या 5 व्होल्टच्या पिनवरून बेसचा रेझिस्टर आला 18 किलोओहम.

आता तीच ओळ डेटाशीटमध्ये पुन्हा उघड आणि या वेळी उभी न वाचता आडवी वाच. 200 ते 450 या आकड्यांच्या डावीकडे बारीक अक्षरात अट आहे: IC = 2 mA, VCE = 5 V. म्हणजे कलेक्टरमधून फक्त 2 मिलिअँप जात असताना आणि ट्रान्झिस्टरवर 5 व्होल्ट असतानाचा हा गेन आहे. तुझा मल्टिमीटरही जेमतेम काही मिलिअँपवरच मोजतो, म्हणून दोघांचं पटलं. तुला मात्र 71 मिलिअँप हवे होते. करंट वाढला की गेन उतरतो. काही कंपन्यांच्या शीटमध्ये 100 मिलिअँपचीही ओळ असते, तिथे BC547B चा नमुन्यादाखल गेन 180 दिलेला आहे.

तुझ्या ब्रेडबोर्डवर मी मोजलं तेव्हा कलेक्टर आणि एमिटर यांच्यात 2 व्होल्ट मिळाले. मग कॉइलवर उरले 3. 3 भागिले 70, म्हणजे 43 मिलिअँप. बेसमध्ये तर तू 0.24 देतच होतास. 43 ला 0.24 ने भागून बघ, 180 च्या आसपास येतं. हा रिले ओढायला कॉइलवर साधारण 75 टक्के, म्हणजे 3.75 व्होल्ट लागतात. तो ओढणार कसा? ट्रान्झिस्टर कोमट लागत होता तेही यामुळेच: 2 व्होल्ट गुणिले 43 मिलिअँप, 86 मिलिवॅट त्याच्या अंगात जिरत होते.

मग गेन किती धरायचा? स्विच म्हणून वापरताना hFE ची ओळ बघायचीच नाही. माझं हे मत जरा टोकाचं आहे, पण पहिल्या वर्षाला ते उपयोगी पडतं. त्याऐवजी VCE(sat) ची ओळ शोध. तिची अट आहे IC = 100 mA, IB = 5 mA. इथे कंपनी स्वतःच सांगतेय की ट्रान्झिस्टर पूर्ण चालू करायचा तर कलेक्टरच्या विसाव्या हिश्श्याइतका करंट बेसला द्या, मग त्यावर जास्तीत जास्त 0.6 व्होल्ट पडतील, बहुधा 0.2 च्या आसपास. 71 चा विसावा हिस्सा साधारण साडेतीन मिलिअँप. बेस-एमिटरवर इतक्या करंटला 0.7 नव्हे, 0.9 च्या जवळ व्होल्टेज असतो, तो पिनच्या 5 मधून वजा करून उरले 4.1. म्हणजे 1 किलोओहम लाव, 4.1 मिलिअँप मिळतील. अर्डुइनोच्या पिनला तेवढ्याचं काही वाटत नाही.

आता पहिल्या पानावरचा तक्ता, अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम रेटिंग्ज. तू वहीत लिहिलंयस: 45 व्होल्ट, 100 मिलिअँप, म्हणून 4.5 वॅट पेलतो. या तक्त्यातल्या ओळी एकमेकींशी गुणायच्या नसतात. प्रत्येक ओळ ही वेगळी भिंत आहे आणि कुठल्याही एका भिंतीला धडकलास तरी पुरे. त्याच तक्त्यात पॉवरची ओळ आहे, कुठे 500 मिलिवॅट, कुठे 625. कंपनीप्रमाणे आकडा बदलतो, म्हणून हातात ज्या कंपनीचा माल आहे तिचीच शीट उघडावी. काही शीटमध्ये त्याखाली 1.5 वॅट असंही दिसेल. त्याला भुलू नकोस. त्याची अट TC = 25 °C आहे, म्हणजे ट्रान्झिस्टरचं अंगच बाहेरून 25 अंशांवर धरून ठेवलंय. प्लास्टिकच्या या टिचभर डबीला तू ते कसं करणार?

625 लाही अट आहेच: भोवतालची हवा 25 अंशांवर. त्यापुढे प्रत्येक अंशाला 5 मिलिवॅट कमी करायचे, हे शेजारीच लिहिलेलं असतं. मे महिन्यात नागपुरात बंद डबीत सर्किट ठेवलंस आणि आतली हवा 60 अंशांवर गेली, तर 35 गुणिले 5, 175 वजा, उरले 450. तुझ्या रिलेला याची झळ लागणार नाही, कारण पूर्ण चालू झालेला ट्रान्झिस्टर 15-20 मिलिवॅटच खातो. झळ लागते ती अर्धवट चालू ट्रान्झिस्टरला.

व्होल्टेजच्या तीन ओळी आहेत. VCBO 50, VCEO 45, VEBO 6. मोठा आकडा बघून पोरं 50 उचलतात. धरायचा 45, कारण ट्रान्झिस्टर बंद असताना सप्लायचा व्होल्टेज कलेक्टर आणि एमिटर यांच्यातच पडतो. आणि माझा सप्लाय तर 5 व्होल्टचाच आहे, असं म्हणू नकोस. रिले बंद होतो त्या क्षणी कॉइल आपला करंट सोडायला तयार नसते आणि कलेक्टरवर 45 च्या कितीतरी वर उसळी येते. तुझ्या बोर्डवर कॉइलला आडवा डायोड नाही. 1N4007 लाव, पट्टीचं टोक 5 व्होल्टकडे. डायोड नसला तर सर्किट काही दिवस चालतं, आणि एके दिवशी रिले ओढलेला तो ओढलेलाच राहतो. असं झालं तर ट्रान्झिस्टर काढून कलेक्टर-एमिटरवर मल्टिमीटरचा बझर लाव. दोन्ही बाजूंनी वाजला की समज, आतून शॉर्ट झालाय.

VEBO चे 6 व्होल्ट एरवी आठवणीतही राहत नाहीत, पण पाय उलटे लागले की तेच नडतात. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: BC547 मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. 2N3904 मध्ये बरोबर उलट. 12 व्होल्टच्या सर्किटमध्ये एकाच्या जागी दुसरा तसाच खोचलास, तर बेस शून्यावर असतानाही कॉइलमधून करंट गळत राहील.

सोमवारी 1 किलोओहम आणि डायोड लावून ये. रिले ओढला की कलेक्टर-एमिटरवर मोज, 0.3 व्होल्टच्या आत यायला हवं. जास्त आलं तर आधी बेसच्या पायावर बघ. तिथे 0.8-0.9 असेल तर पाय उलटे लागलेत का ते तपास. शून्य असेल तर ट्रान्झिस्टरला हात लावू नकोस, अर्डुइनोची पिन HIGH होतेय का आणि अर्डुइनो व रिलेचा सप्लाय या दोन्हींची ग्राउंड एकमेकांना जोडलीयस का ते बघ.