कोडी आणि जीभ वळवणारी वाक्यं: दुसरीच्या वर्गासाठी ‘कशावरून?’चा खेळ

वर्गात कोडं घातलं की काय होतं, हे दुसरीला शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. कोडं पुरतं संपायच्या आतच पुढच्या रांगेतली दोन-तीन मुलं उत्तर ओरडतात, बाकीची ‘हो हो’ म्हणतात आणि आपण पुढच्या कोड्याकडे वळतो. मुलांना मजा येते, पण ३० जणांच्या वर्गात बोललेली असतात ती तीनच मुलं, आणि तीही एकेक शब्द. तोंडी भाषेचा सराव म्हणून एवढं पुरत नाही.

पुढे दिलेल्या खेळात दोन गोष्टी बदलल्या आहेत. कोडं शिक्षक नाही, मुलं घालतात. आणि उत्तर आल्यावर समोरचा गट विचारतो, “कशावरून?” उत्तराला १ गुण, कारणाला २. कारण सांगायचं तर पूर्ण वाक्य बोलावंच लागतं, तेही ‘म्हणून’, ‘कारण’, ‘पण’ असे जोडशब्द घेऊन. सात-आठ वर्षांच्या मुलाला नेमका हाच सराव हवा असतो.

मांडणी

६ मुलांचा एक गट करा. ३० मुलं असतील तर पाच गट होतील. प्रत्येक गट गोल बसेल आणि गटातल्या मुलांना १ ते ६ क्रमांक द्या. हुशार-कच्चे, मुलगे-मुली, घरी मराठी बोलणारे आणि न बोलणारे सगळे मिसळून बसवा. साहित्य फारसं नाही: गुण लिहायला फळा आणि तिसऱ्या डावासाठी कापडी पिशवीत चार-पाच रोजच्या वस्तू. कोड्यांची चिठ्ठी मुलांच्या हातात देऊ नका. चिठ्ठी दिली की ज्याला वाचता येतं तोच बोलतो.

पहिले दोन डाव एका तासिकेत बसतात. तिसरा दुसऱ्या दिवशी घ्या, त्याला वेळ लागतो.

पहिला डाव: जीभ मोकळी करणं

जीभ वळवणारं वाक्य निवडताना त्यात कोणता आवाज घोळवायचा आहे ते आधी ठरवा. दुसरीच्या मुलांचा गोंधळ बहुधा ‘ल’ आणि ‘ळ’मध्ये होतो. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलांच्या भाषेत ‘ळ’ नसतोच, त्यांना तो मुद्दाम शिकावा लागतो. त्यासाठी हे जुनं वाक्य फार उपयोगी आहे:

काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले.

यात सहा वेळा ‘ळ’ येतो आणि अगदी शेवटी, ‘मिसळले’मध्ये, ‘ळ’च्या लगेच मागे ‘ल’. जीभ तिथेच अडखळते. राळे म्हणजे काय हे आजकाल गावातल्या मुलांनाही ठाऊक नसतं. मिळाले तर मूठभर राळे वाटीत घालून दाखवा: बारीक, गोल, पिवळसर दाणे. ज्या शब्दाचा अर्थच माहीत नाही तो घोकायला लावण्यात राम नाही.

वाक्य म्हणायच्या आधी कान तपासा. तुम्ही शब्द म्हणा, मुलांनी ‘ळ’ ऐकू आला तर हात वर करायचा: वेल, वेळ, गाल, गाळ, मूळ, मूल, बाळ. तोंडासमोर वही धरून म्हणा, म्हणजे मुलं ओठांकडे न बघता ऐकतील. इथे दोन वेगळ्या अडचणी लक्षात येतात. ज्याचा हात चुकीच्या वेळी वर जातो त्याला फरक ऐकूच येत नाही. त्याला वाक्य दहा वेळा म्हणायला लावून उपयोग नाही, त्याच्याकडून अशा जोड्या ऐकण्याचाच सराव करून घ्या. ज्याचा हात बरोबर वर जातो पण तोंडातून ‘वेल’च येतं, त्याला जिभेची जागा दाखवावी लागते. ‘ल’ला जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं, ‘ळ’ला टोक मागे वळून टाळूला लागतं. प्रत्येकाने जीभ वळवून टाळू चाचपून बघावा, मुलं ते आनंदाने करतात.

आता वाक्य शेवटाकडून बांधा. आधी फक्त ‘मिसळले’. मग ‘राळे मिसळले’. मग ‘राळ्यात राळे मिसळले’. मग सगळं. पुढून सुरुवात केली तर मुलं पहिला अर्धा भाग पक्का करतात आणि अवघड शेवट तसाच घसरतो. शेवटाकडून बांधलं की म्हणत जाताना प्रत्येक पाऊल ओळखीच्या जागेकडे पडतं.

गुणांसाठी गटाने मिळून वाक्य तीनदा म्हणायचं: एकदा सावकाश, एकदा नेहमीच्या गतीने, एकदा भरभर. तिन्ही वेळा ‘ळ’ स्पष्ट आला तर २ गुण. वेगाला वेगळा गुण ठेवू नका. तो ठेवला की मुलं ‘काले लाले’ असं काहीतरी पुटपुटत शर्यत जिंकतात आणि आवाजाचा सराव बाजूलाच राहतो. एकट्याने म्हणणं ऐच्छिक ठेवा. अडखळत बोलणारं मूल सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून पुष्कळदा सहज बोलतं, पण एकटं उभं केलं की त्याचा कोंडमारा होतो. एखाद्या मुलाचे बरेच आवाज अस्पष्ट येत असतील आणि नवख्या माणसाला त्याचं बोलणं कळत नसेल, तर खेळात त्याला टोकत बसण्यापेक्षा पालकांना कान तपासून घ्यायला सांगा.

पुढच्या वेळी ‘च’ आणि ‘ट’साठी ‘चटईला टाचणी टोचली’ घ्या. एका दिवशी एकच वाक्य पुरे.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारं मूल चुकत नसतं, ते आपल्या घरची बोली बोलत असतं. पहिल्या डावात ‘ण’चा आवाज जरूर घोळवून घ्या, पण दुसऱ्या डावात ते मूल कारण सांगत असताना त्याचा उच्चार सुधारायला मध्ये पडू नका. विचार तुटला की बोलणंही थांबतं.

दुसरा डाव: कोडं आणि ‘कशावरून?’

प्रत्येक गटातल्या १ क्रमांकाला बोलवा आणि कानात एक कोडं सांगा. तो परत जाऊन आपल्या गटाला कुजबुजत सांगेल, गट ते पाठ करेल. कोडं दोन ओळींचं आणि यमकाचं असेल तर दोन मिनिटांत पाठ होतं. हा टप्पा गाळू नका. ऐकलेलं लक्षात ठेवून जसंच्या तसं दुसऱ्याला सांगणं हा यातला अर्धा सराव आहे.

मग एक गट उभा राहून शेजारच्या गटाला कोडं घालतो. उत्तर देणारा गट डोकी जवळ आणून कुजबुजतो, तोवर तुम्ही मनात सावकाश वीसपर्यंत आकडे मोजा. त्यानंतर एक क्रमांक पुकारा, समजा ४. त्या गटातला ४ क्रमांकच उत्तर देईल. कोणता क्रमांक येणार हे आधी माहीत नसल्याने ज्याला उत्तर आलं तो इतरांना समजावून सांगतो. कुणी ओरडून उत्तर फोडलं तर ते कोडं बाद, दोन्ही गटांना शून्य. हा नियम पहिल्याच दिवशी पाळला की पुन्हा सांगावा लागत नाही.

समजा कोडं आहे:

काळी गाय, काटे खाय, पाण्याला पाहून उभी राहाय.

४ क्रमांक म्हणतो, “म्हैस.” वर्ग हसायच्या आत समोरच्या गटाने विचारायचं, “कशावरून?” तो म्हणतो, “म्हैस काळी असते.” आता तुम्ही कोड्याची एकेक खूण बोटावर मोजून विचारा: काळी आहे का? काटे खाते का? पाणी बघून उभी राहते का? कुणीतरी म्हणेल, “म्हैस तर पाण्यात जाऊन बसते!” म्हणजे तिसरी खूण जुळली नाही. हे मुलांनीच शोधलं, तुम्ही ‘चूक’ म्हणायची गरज पडली नाही. मग पुढचा क्रमांक पुकारा. “चप्पल.” “कशावरून?” “चप्पल काळी असते, चपलेत काटे घुसतात, आणि पाणी आलं की आपण चप्पल काठावर काढून ठेवतो.” तिन्ही खुणा जुळल्या: उत्तराचा १ आणि कारणाचे २, मिळून ३ गुण.

कुणी ‘बूट’ म्हटलं आणि खुणा जुळवून दाखवल्या तर तेही बरोबर धरा. कोड्याचं छापील उत्तर एकच असतं, पण खुणांना पटणारी उत्तरं अनेक असू शकतात. ते मान्य केलं नाही तर मुलं विचार करायचं सोडून तुमच्या मनातलं उत्तर ओळखायला लागतात.

सुरुवातीला मूल म्हणेल, “कारण चप्पल.” किंवा नुसतं “असंच.” तेव्हा वाक्याचा अर्धा भाग तुम्ही द्या: “चप्पल, कारण तिला…” पूर्ण उत्तर तुम्ही बोललात तर पुढच्या वेळीही ते तुमची वाट बघेल.

सुरुवातीसाठी ही कोडी चांगली आहेत: ‘सूपभर लाह्या, त्यात एक रुपया’ (चांदण्या आणि चंद्र), ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ (दात आणि जीभ), ‘पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब’ (मक्याचं कणीस), ‘दोन भाऊ शेजारी, भेट नाही संसारी’ (डोळे). शहरातल्या मुलांनी सूप पाहिलेलं नसेल तर आधी दाखवा. जातीचा किंवा कुणाच्या अंगातल्या व्यंगाचा उल्लेख असलेली जुनी कोडी बरीच आहेत, ती वर्गात घेऊ नका.

तिसरा डाव: आपलं कोडं

पिशवीतून गटाला एक वस्तू गुपचूप दाखवा. गटाने तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची: ती कुठे असते? काय करते? तिच्यात नवल काय? वस्तूचं नाव कोड्यात येता कामा नये. यमक जुळलं तर छान, नाही जुळलं तरी चालेल.

केरसुणीचं उदाहरण घेऊ. ती पिशवीत मावणार नाही, चित्र दाखवा. पहिला मसुदा बहुधा असा येतो: ‘सकाळी घरभर फिरते, मग कोपऱ्यात जाऊन बसते.’ दुसरा गट हटकून ‘मांजर’ म्हणतो, आणि ते उत्तर अगदी बरोबर बसतं! इथे कोडं घालणाऱ्या गटाला विचारा, “मांजराकडे आहे पण केरसुणीकडे नाही, असं काय?” पाय, शेपूट, आवाज, अशी यादी निघते. मग कोडं बदलतं: ‘पाय नाहीत तरी घरभर फिरते, काम झालं की कोपऱ्यात उभी राहते.’ आता मांजर बाद झालं. ‘नाही तरी’ ही रचना मुलांच्या हाती लागली की पुढची कोडी ती स्वतःहून तशीच करतात: दात नाहीत तरी, तोंड नाही तरी. उत्तर देताना कुणी झाडू म्हणेल, कुणी केरसुणी, कुणी कुंचा. सगळे शब्द फळ्यावर लिहा.

खूण इतकी सोपी असेल की पहिल्याच शब्दाला उत्तर येतं, किंवा इतकी धूसर की कुणालाच येत नाही, तर त्या गटाला एक खूण बदलायची संधी द्या. गुण मात्र चांगल्या कोड्याला नाही, बदललेल्या कोड्याला द्या.

दिवसाच्या शेवटी मुलांना घरून एक कोडं आणायला सांगा, आजी-आजोबांकडून किंवा शेजारच्या काकूंकडून, ज्या भाषेत मिळेल त्या भाषेत. लिहून नाही, तोंडी. भिलीतलं किंवा हिंदीतलं कोडं आलं तर आधी ते मूळ भाषेत ऐका, मग ते मूलच मराठीत खुणा समजावून देईल. पुढच्या तासिकेचा दुसरा डाव या कोड्यांवरच घ्या, कारण तेव्हा उत्तर फक्त त्या मुलालाच माहीत असतं आणि ‘कशावरून?’ची परीक्षाही तेच घेतं.