गमतीची शाब्दिक उदाहरणं लिहिताय? या चुका टाळा

मुलांना आवडेल असं गणित लिहायचं म्हटलं की बहुतेक जण आधी एक मजेशीर गोष्ट लिहितात आणि शेवटी तिला दोन आकडे चिकटवतात. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. आता तर वर्कशीट हातात आलं की मी आधी विनोदाच्या ओळी पेन्सिलने खोडून बघते. त्या खोडूनही उत्तर तेच आणि रीतही तीच राहत असेल तर विनोद गणितात नव्हताच, तो नुसता शेजारी उभा होता.

नवीन लागलेल्या एका बाईंनी तिसरीच्या वर्गाला मगरीचं उदाहरण दिलं होतं. मगर दातांच्या डॉक्टरकडे जाते, डॉक्टर टेबलाखाली लपतो, त्याचा चष्मा पडतो, नर्स खुर्चीवर चढते, अशा सहा-सात ओळी आणि मग एकदम "मगरीला ६६ दात आहेत, त्यातले ९ किडले आहेत, तर चांगले दात किती?" वर्ग हसून लोळला. मग एकाने विचारलं "बाई, वजाबाकी ना?", बाई हो म्हणाल्या, सगळ्यांनी ५७ लिहिलं आणि वह्या मिटल्या. बाई खूश, कारण मुलं हसली. पण हसू आलं ते मगरीचं, ५७ मध्ये कोणालाच काही रस नव्हता. काहींना तर हसण्याच्या नादात आकडे परत वर जाऊन शोधावे लागले. ज्या मुलाला वाचायलाच वेळ लागतो त्याची तर त्या सात ओळींतच दमछाक झाली, गणितापर्यंत तो पोचलाच नाही.

मी बाईंना म्हटलं, मगर तीच ठेवू, डॉक्टर तोच ठेवू, फक्त त्याची फजिती आकड्यात घालू. मग उदाहरण असं झालं: "मगरीला ६६ दात आहेत. दर ६ दात घासून झाले की डॉक्टर घाबरून दाराबाहेर पळतो आणि हिंमत करून परत येतो. सगळे दात घासेपर्यंत तो किती वेळा बाहेर पळाला?"

झालं, ६६ भागिले ६ म्हणून निम्मा वर्ग ११ ओरडला. मागून एक मुलगी म्हणाली, शेवटचे ६ घासल्यावर काम संपलं ना, मग पळेल कशाला, १०. दुसरा म्हणाला, घाबरट आहे तो, पळणारच, फक्त परत येणार नाही. फळ्यावर दात काढले गेले, दर ६ दातांनंतर रेघ मारली गेली, आणि मुलं भांडत होती ती भागाकारावरून. इथे गंमत बघायची असेल तर हिशोब करावाच लागतो, तो बिचारा किती वेळा पळाला हे आधी कोणालाच दिसत नाही. उत्तर हाच विनोदाचा शेवट हवा, मुलं पेन्सिल उचलतात ती त्यासाठी.

फक्त एक लक्षात ठेवा. वर्गात असा वाद चालू द्या, पण घरी द्यायच्या कागदावर प्रश्न घट्ट करा. "डॉक्टर किती वेळा परत आला?" असं विचारलं की उत्तर १० आणि फक्त १०, कारण शेवटच्या ६ दातांनंतर परत येण्याचं कारणच नाही. घरी वाद सोडवायला शेजारचं बाक नसतं.

माझी सवय अशी की कागदाच्या कोपऱ्यात आधी क्रिया लिहायची, "भागाकार, बाकी नको" किंवा "हातच्याची वजाबाकी", आणि मग विचार करायचा की ही क्रिया कोणाला अडचणीत आणेल. भागाकार म्हणजे तीच गोष्ट परत परत करावी लागणं, गुणाकार म्हणजे एकाचं काम खूप पायांना किंवा खूप डोक्यांना करावं लागणं. पात्र नंतर सापडतं. आधी पात्र आणि मग गणित असं करायला सोपं वाटतं म्हणून सगळे तेच करतात, आणि म्हणूनच सगळ्यांची उदाहरणं सारखी होतात.

दुसरी चूक जास्त घातक आहे. "गमतीचंच तर आहे" म्हणून काहीही लिहायचं. फ्रान्समध्ये ग्रेनोब्लच्या अभ्यासकांनी १९८० च्या सुमारास प्राथमिकच्या मुलांना विचारलं होतं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बऱ्याच मुलांनी बेरीज करून ३६ लिहिलं. मुलं हुशार नव्हती असं नाही, गणितातल्या गोष्टीला अर्थ नसतो, आकडे उचलून काहीतरी करायचं असतं, एवढं ती शाळेत शिकली होती. आपण बेलगाम विनोदी उदाहरणं देतो तेव्हा हीच सवय आणखी पक्की करतो. जग कितीही वेडं असू दे, पण एकदा सांगितलेला नियम शेवटपर्यंत पाळला पाहिजे. डॉक्टर दर ६ दातांनी पळतो म्हटलं की मधेच ४ वर पळायचा नाही.

खऱ्या प्राण्याचे आकडे घेताय तर तेही तपासा. गोमेला बरोबर १०० पाय असं हमखास लिहिलं जातं. गोमेच्या पायांच्या जोड्या विषम संख्येत असतात, त्यामुळे ५० जोड्या जमतच नाहीत. वर्गात एक तरी किडेवेडं मूल असतं आणि ते हात वर करतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. वर्गातल्या मुलाचं नाव घालून त्याची फजिती करू नका, विनोद आपल्या गोमेवर करा. "एकूण" म्हणजे बेरीज आणि "उरले" म्हणजे वजाबाकी असं पाठ करून घेऊ नका, "मुंगीकडे ८ बूट आहेत, ते झुरळापेक्षा ३ ने जास्त आहेत, तर झुरळाकडे किती?" इथे "जास्त" बघून मुलं ११ लिहितात, उत्तर ५ आहे. लिहिलेलं उदाहरण स्वतः वहीत सोडवल्याशिवाय वर्गात नेऊ नका, हे घाईवाल्यांना कितीही सांगा, ऐकत नाहीत.

आणि सगळा विनोद पहिल्याच ओळीत संपवू नका. चौथीला मी हे देते: "गोमेला ४२ पाय आहेत. एक बूट घालायला २ मिनिटं लागतात. सगळे बूट ८ वाजेपर्यंत घालून व्हायला हवेत, तर तिने किती वाजता सुरुवात करावी?" ८४ मिनिटं, म्हणजे ६ वाजून ३६ मिनिटं. हे सगळ्यांचं सुटल्यावरच दुसरी चिठ्ठी वाटायची: "८ वाजता सगळे बूट घालून झाल्यावर तिला आठवलं की मोजे राहिले. बूट काढायला १ मिनिट, मोजा घालायला १ मिनिट, बूट परत घालायला २ मिनिटं. आता ती किती वाजता तयार होईल?" एका पायाला ४ मिनिटं, ४२ पायांना १६८, म्हणजे १० वाजून ४८ मिनिटं. दुसरी चिठ्ठी आधीच वाटलीत तर पहिलं गणित कोणी धड करत नाही, आणि मोज्यांच्या ओळीला जो "अरे देवा" निघतो तोही निघत नाही, कारण ४२ बूट घालण्याचा त्रास मुलांनी तोपर्यंत स्वतः मोजलेलाच नसतो.