वरून कितवा, खालून कितवा: या चुका टाळा

४५ विद्यार्थ्यांच्या वर्गात सीमा वरून १७वी आहे, तर खालून कितवी? घाईत बहुतेक जण ४५ मधून १७ वजा करून २८ लिहितात, आणि पर्यायांमध्ये २८ हमखास असतो. पण २८ ही सीमाच्या खाली असलेल्यांची संख्या झाली. खालून मोजत आलो की ते २८ संपल्यावर सीमा येते, म्हणून ती २९वी. उलट प्रकारात तोच एक वजा होतो: वरून १७ आणि खालून २९ मोजताना सीमा दोनदा मोजली जाते, म्हणून एकूण १७ + २९ − १ = ४५. एक मिळवायचा की वजा करायचा, असा गोंधळ झाला तर पाच जणांची रांग डोळ्यांसमोर आणा. मधला दोन्हीकडून तिसराच असतो. ५ − ३ = २ येतं, म्हणजे एक मिळवायला हवा, हे लगेच कळतं.

दुसरी चूक गणिताची नाही, वाचनाची आहे. 'उत्तीर्णांमध्ये राहुल वरून १२वा आणि खालून २३वा आहे. ७ जण नापास झाले, ४ जण परीक्षेला बसलेच नाहीत. वर्गात एकूण किती?' १२ + २३ − १ = ३४ हे फक्त उत्तीर्ण. त्यात ७ आणि ४ मिळवले की ४५. 'उत्तीर्णांमध्ये' हा शब्द नजरेतून सुटला की उत्तर ३४ वर अडकतं.

खरी गंमत दोन माणसं आली की सुरू होते. रांगेत अमित डावीकडून १४वा, नेहा उजवीकडून १८वी. रांग ४० जणांची असेल तर मध्ये ४० − ३२ = ८ जण; इथे एकाची भानगडच नाही, कारण दोघं वेगवेगळी माणसं आहेत. पण रांग २८ जणांची असेल तर? बेरीज ३२, म्हणजे एकूण संख्येपेक्षा जास्त. ती जास्त आली की समजायचं, दोघांनी एकमेकांना ओलांडलंय. अशा वेळी नुसतं ३२ − २८ = ४ लिहू नका. दोघांना एकाच बाजूने मोजा: नेहा डावीकडून २८ − १८ + १ = ११वी, अमित १४वा, मध्ये १२वा आणि १३वा, म्हणजे दोघेच. त्या चारमध्ये अमित आणि नेहा स्वतःही धरले गेले होते.

आता प्रश्न उलटा करू. तीच दोन स्थानं दिली, मध्ये २ जण आहेत असं सांगितलं आणि रांगेतले एकूण विचारले. सरळ मांडणीत १४ + १८ + २ = ३४; ओलांडलेल्या मांडणीत २८, हे वर आलंच. अमित डावीकडे की नेहा, हे प्रश्नात नसेल तर दोन्ही उत्तरं बसतात, आणि 'निश्चित सांगता येत नाही' हा पर्याय बरोबर ठरतो. 'कमीत कमी किती' असं विचारलं असेल तर मात्र २८.