संविधान तक्त्यात बेरीज जुळते, पण विश्लेषणाचे प्रश्न एकाच घटकात जातात

खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेत नववी विज्ञानाच्या 40 गुणांच्या प्रश्नपत्रिकेचे गुण घटक व उद्दिष्टांनुसार वाटणाऱ्या संविधान तक्त्यात बेरीज जुळे, पण विश्लेषणाचे सारे प्रश्न ‘बल’ घटकातच जमत. प्रश्न आधी लिहून तक्ता मागून भरण्याने केवळ वैतागच वाढला. अखेर 12, 8, 8, 4 या तासिकांच्या प्रमाणात घटकांना 15, 10, 10, 5 गुण दिले आणि तळाच्या ओळीत स्मरण 16, उपयोजन 16, विश्लेषण 8 असे आधीच लिहिले. मग विश्लेषणाचे चार-चार गुणांचे दोन प्रश्न पहिल्या व तिसऱ्या घटकात ठेवले, नंतर उपयोजन भरले आणि उरलेले गुण स्मरणाला दिले, कारण एका गुणाचा प्रश्न कुठल्याही रकान्यात बसतो. पहिल्या घटकात स्मरण 5, उपयोजन 6, विश्लेषण 4 आले. प्रश्न त्यानंतरच लिहिले. पुस्तकात सोडवलेले उदाहरण जसेच्या तसे विचारल्यास ते स्मरणातच धरावे.