मुदतवाढ मागताना तारीख कशी काढावी : माझ्या दोन मेलची गोष्ट

प्राध्यापकांना मेल कसा पाठवायचा हे तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. विषयाच्या ओळीत नाव, रोल नंबर, सेमिस्टर आणि पेपरचे नाव असावे, एवढेच सांगतो. तुमच्या मेल आयडीवरून तुम्ही कोण हे सरांना कळत नाही. माझी फसगत झाली ती नव्या तारखेत, आणि लिहायचे आहे तेही त्याच्याविषयीच.

ही 2023 च्या नोव्हेंबरमधली गोष्ट आहे. मी बेळगावच्या एका कॉलेजात बीएच्या पाचव्या सेमिस्टरला होतो आणि खानापूर तालुक्यातल्या गावाहून रोज ये-जा करत असे. अर्थशास्त्राच्या असाइनमेंटसाठी तीस भात उत्पादकांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या होत्या, त्यांचे तक्ते करायचे होते आणि अहवाल सोमवारी, 20 नोव्हेंबरला द्यायचा होता. ऐन सुगीत वडिलांचा पाय मोडला आणि कापणी माझ्यावर आली. तोपर्यंत माझ्याकडे एकोणीस प्रश्नावल्या जमल्या होत्या.

शनिवारी रात्री मी सरांना जो मेल पाठवला, तो खरे तर शाळेत शिकलेला रजेचा अर्ज होता. त्यात घरची अडचण दीड परिच्छेदभर होती, ‘नम्र विनंती’ दोनदा होती, आणि शेवटच्या ओळीत ‘फक्त दोन दिवस द्यावेत’ एवढेच होते. हे दोन दिवस मी कोणत्याही हिशोबाने काढलेले नव्हते. कमी मागितले तर नाही म्हणणार नाहीत, या भीतीतून तो आकडा आला होता. सरांनी ‘बुधवार, संध्याकाळी पाच’ असे उत्तर दिले आणि मला हायसे वाटले. बुधवारी पाच वाजले तेव्हा माझ्या हातात त्याच एकोणीस प्रश्नावल्या होत्या.

इथे मला स्पष्ट बोलू द्या. कमी दिवस मागणे हा नम्रपणा नव्हे. पहिली मुदत चुकली तेव्हा माझ्याकडे कारण होते. दुसरी चुकली तेव्हा कारण तेच राहिले, पण ती तारीख मीच दिलेली होती. गुरुवारी सकाळी स्टाफरूमच्या दारात सरांनी आवाज न चढवता मला एकच वाक्य ऐकवले, ‘तारीख तुम्हीच दिली होती ना?’ ते धारवाडकडचे, घरी कन्नड बोलणारे. माझ्याशी मोडके मराठी बोलत आणि त्यातही कायम ‘तुम्ही’ म्हणत. त्या ‘तुम्हीच’ने मला जेवढे लाजवले, तेवढे कुठल्या रागावण्याने लाजवले नसते. मग ते म्हणाले, ‘आता नीट मोजून, मेलवर लिहून द्या.’

म्हणजे दार बंद झालेले नव्हते. तुमचीही एक मुदत चुकली असेल, तर दुसरा मेल लिहायला संकोचू नका. फक्त तो मोजून लिहा.

मोजताना मी पहिल्यांदाच उलट बाजूने सुरुवात केली. विभागाच्या सूचनाफलकावर अंतर्गत गुण भरण्याची शेवटची तारीख 5 डिसेंबर, मंगळवार अशी होती. त्यानंतरची कोणतीही तारीख मागणे निरर्थक होते, कारण ती वाढवणे सरांच्याही हातात नव्हते. शिवाय त्यांना तपासायलाही वेळ हवा होता. म्हणजे माझी खरी सीमा 5 तारीख नव्हती, तर तिच्या आधीचा शुक्रवार, 1 डिसेंबर होता.

मग काम मोजले. अकरा प्रश्नावल्या उरल्या होत्या. एकीला चाळीस मिनिटे लागतात, म्हणजे कागदावर हे एका दिवसाचे काम दिसते, आणि पहिल्या वेळी मी नेमका इथेच फसलो होतो. सुगीच्या दिवसांत माणूस उजेड असेपर्यंत शेतात असतो. तो बोलायला बसतो दिवेलागणीनंतर, आणि साडेआठला जेवायला उठतो. त्यामुळे एका संध्याकाळी तीनच घरे होतात. गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारी तीन-तीन, रविवारी दोन, अशा चार संध्याकाळी लागणार होत्या. सोमवारी तक्ते, मंगळवार आणि बुधवारी लेखन. काम बुधवारी, 29 तारखेला संपत होते.

मी 30 तारीख लिहिणार होतो, तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने ‘त्या दिवशी कनकदास जयंती आहे, कॉलेज बंद’ असे सांगितले. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांची ही खास अडचण आहे : घरच्या भिंतीवर मराठी दिनदर्शिका असते आणि कॉलेज कर्नाटकच्या सुट्ट्यांप्रमाणे चालते. तारीख लिहिण्यापूर्वी कॉलेजची सुट्ट्यांची यादी पाहा. मला मात्र ती सुट्टी लाभली. वीज गेली किंवा एखादा शेतकरी भेटला नाही, तर तो दिवस माझ्या हाती राखीव राहिला आणि द्यायची तारीख शुक्रवार, 1 डिसेंबर ठरली.

मेल इंग्रजीत पाठवायचा होता, पण मजकूर मी आधी मराठीत जुळवला. तो असा होता :

‘आदरणीय सर, बुधवारची मुदत मीच मागितली होती आणि ती मी पाळू शकलो नाही, याबद्दल क्षमस्व. वडिलांचा पाय मोडल्यामुळे कापणीचे काम माझ्याकडे आहे. तीसपैकी एकोणीस प्रश्नावल्या पूर्ण झाल्या असून त्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. उरलेल्या अकरा रविवारी रात्रीपर्यंत पूर्ण होतील. सोमवारी, 27 तारखेला रात्री मी तक्ते मेलने पाठवीन आणि शुक्रवारी, 1 डिसेंबरला सकाळी अकरा वाजता छापील अहवाल आपल्या हाती देईन. उशिराबद्दल गुण कमी केल्यास ते मला मान्य आहे. ही तारीख आपल्याला सोयीची नसल्यास, आहे त्या एकोणीस प्रश्नावल्यांवर आधारलेला अहवाल मी सोमवारी देऊ शकेन.’

यात कारणाला एकच वाक्य आहे. सरांना माझ्या घरची हकीकत नको होती. किती झाले, किती उरले आणि कधी मिळेल, हे हवे होते. मधली 27 तारीख मुद्दाम घातली आहे, कारण एकदा शब्द मोडलेल्या मुलावर आठ दिवस डोळे मिटून विश्वास कोण ठेवील? शेवटचे वाक्य लिहिताना हात अडखळला होता, पण त्यामुळे सरांना ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधला एक मार्ग मिळाला.

सीनियर मुलांकडून गटावर फिरत येणारे तयार मसुदे वापरू नका. ते सरांनी तुमच्या आधी दहा वेळा वाचलेले असतात. ओळखीच्या डॉक्टरकडून दाखला आणण्याचा सल्लाही मला मिळाला होता. तो देणारा मित्र चांगला आहे, सल्ला वाईट होता. वर्गप्रतिनिधीमार्फत निरोप पाठवणे तर त्याहून वाईट, कारण निरोपात तारीख हमखास बदलते.

सरांचे उत्तर अर्ध्या तासात आले : तारीख मान्य, दहापैकी दोन गुण कमी होतील. सोमवारी रात्री वीज गेली आणि तक्ते मी मोबाइलवरूनच, दहा वाजून चाळीस मिनिटांनी पाठवले. एका शेतकऱ्याला गाठायला रविवारऐवजी मंगळवार उजाडला, त्यामुळे त्या रात्री तक्त्यात एकोणतीसच नावे होती, आणि हे मी मेलच्या पहिल्याच ओळीत लिहिले. राखीव ठेवलेला गुरुवार तक्ते दुरुस्त करण्यात गेला. शुक्रवारी अकराला दहा मिनिटे कमी असताना मी अहवाल दिला. सरांनी घड्याळाकडे पाहिले, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 1/12 लिहिले आणि तक्ता काढून तिसावे नाव शोधू लागले.