जिभेखालची गोळी: या चुका टाळा

समजा, साठीतले एक काका, अंजायनाचे, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याच्या त्रासाचे, जुने रुग्ण. जिना चढताना छातीत आवळल्यासारखं झालं. त्यांनी खिशातली नायट्रोग्लिसरिनची गोळी काढली आणि उभ्याउभ्याच पाण्याबरोबर गिळून टाकली. पाच मिनिटं झाली, फरक नाही. मग दुसरी जिभेखाली ठेवली, तीही उभ्यानंच. दुखणं कमी होऊ लागलं, पण डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते खाली कोसळले.

पहिली चूक गिळण्याची. पोटातून शोषलेलं औषध आधी यकृतात जातं आणि तिथे त्यातलं बहुतेक निकामी होतं. जिभेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांतून ते यकृताला वळसा घालून थेट रक्तात उतरतं, म्हणून एक ते तीन मिनिटांत आराम पडू लागतो. तोंड कोरडं असेल तर गोळी विरघळत नाही. आधी पाण्याचा एखादा घोट घ्यावा. गोळी चावू नये.

दुसरी चूक उभं राहण्याची. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी नायट्रोग्लिसरिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतात आणि त्यामुळे तिथले स्नायू सैल पडतात. हा परिणाम सर्वांत जास्त शिरांवर होतो. शिरा फुगल्या की बरंच रक्त तिथेच थांबतं, हृदयाकडे कमी परततं, त्याच्यावरचा ताण घटतो आणि त्याची ऑक्सिजनची गरजही. दुखणं थांबतं ते मुख्यतः यामुळे. अनेकांना वाटतं की गोळी हृदयातला ब्लॉक उघडते, पण तसं नाही. उभं असताना हेच रक्त पायांत साठतं, बीपी झपकन उतरतं आणि चक्कर येते. म्हणून आधी बसा, मग गोळी. त्यानंतर डोकं ठणकणं हा याच परिणामाचा भाग आहे, ॲलर्जी नव्हे.

काकांची गोळी ताजी तरी होती. हे औषध उडून जाणारं आहे, प्लास्टिकमध्ये आणि कापसातही शोषलं जातं. काचेच्या बाटलीतून काढून प्लास्टिकच्या डबीत, देवघराशेजारी किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली गोळी वेळेला दगा देऊ शकते. मूळ बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट लावा.

सगळ्यांत धोक्याची चूक मात्र संकोचापोटी होते. सिल्डेनाफिलसारखी लैंगिक समस्येची गोळी घेतली असेल तर पुढचे 24 तास, आणि टॅडालाफिल असेल तर 48 तास नायट्रोग्लिसरिन घ्यायचं नाही. दोन्ही मिळून बीपी जीवघेणं उतरू शकतं. हे डॉक्टरांपासून लपवलं जातं आणि तातडीच्या वेळी कुणी विचारतही नाही, स्वतःहून सांगा.

एका गोळीने पाच मिनिटांत दुखणं कमी झालं नाही किंवा वाढलं, तर पुढच्या गोळीच्या आशेवर थांबू नका, 108 लावा. आणि आराम पडला म्हणून दुखणं हृदयाचंच होतं असंही धरू नका: अन्ननलिकेचा पेटकाही याच गोळीने सुटतो.